योगवर्गाची जाहिरात आणि एक लाल रेघ
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



गेल्या वर्षी क्लब हाउसमध्ये योगवर्ग सुरू करायचा ठरला, तेव्हा जाहिरातीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. बँकेत जन्मभर परिपत्रकं लिहिलेला माणूस मी! झोकात लिहिलं, 'एकवीस दिवसांत रक्तदाब, मधुमेहातून कायमची मुक्ती.' शिक्षिकाबाईंनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. म्हणाल्या, "काका, मुदत ठेवीचा व्याजदर लिहून देता येतो. शरीराचा नाही देता येत."

मी ओशाळलो. कारण पूर्वी दुसरीकडच्या अशाच जाहिरातीला भुलून मी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. बरं वाटत होतं, म्हणून गुण आला असं समजलो. पण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. दीड महिन्याने मोजला, तर वरचा आकडा १८०! डॉक्टरांची बोलणी खाल्ली आणि गोळी पुन्हा सुरू केली.

बाईंनी स्वतः लिहिलं ते असं: 'नियमित सरावाने सांध्यांची हालचाल आणि तोल सुधारू शकतो. रक्तदाब थोडा उतरू शकतो. किती, ते आधी सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कमी करू नयेत.'

त्याखाली तीन बॅच. पहिली, ज्यांना जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येत नाही त्यांची. सगळं खुर्ची किंवा भिंत धरून. दुसरी, ज्यांना तसं उठता येतं त्यांची. त्रिकोणासनात हात जमिनीऐवजी लाकडी विटेवर ठेवला तरी चालतो. तिसरीत सर्वांगासन, तेही दुसरीत सराव पक्का झाल्यावर. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना तिथे प्रवेश नाही, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो.

वयाचा इथे संबंध नाही. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा चाळिशीचा शेजारी थेट तिसरीत बसायला आला. बाईंनी त्याला पाय सरळ करून भिंतीला टेकून बसवलं, तर कंबर मागे ढळली आणि पाठीला पोक आला. उठताना हात टेकावे लागले. त्याला पहिलीत घातलं. तो रुसला. बाई म्हणाल्या, "मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत. असं असताना जोर लावून पुढे वाकलास, तर ताण कमरेच्या मणक्यांवर येईल." तीन महिन्यांनी तो दुसरीत गेला. साठीच्या वहिनी मात्र पहिल्या दिवसापासून दुसरीत!

मी अजून पहिलीतच आहे. खुर्ची घेणं हा कमीपणा नाही; आपल्या पुण्यातच बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, वीट यांना आसनांत मानाचं स्थान दिलं. बँकेत बढती सेवेच्या वर्षांवर मिळायची. इथे श्वास बघतात. आसनात बोलता येईना, श्वास अडकला, की एक पायरी मागे. स्नायूत ताण चालतो, सांध्यात कळ आली की थांबायचं.

तो लाल रेघेचा कागद मी जपून ठेवलाय. पुढची जाहिरात लिहिणाऱ्याने तो आधी मागून न्यावा.