नळापासून पेल्यापर्यंत



अध्यक्ष म्हणून पाणी, शौचालय आणि हात धुणे या तिन्हींवरच्या कामाचा आढावा घ्या, असं मला सांगितलं होतं. टिपणं सोबत आणली आहेत. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मनात साचून राहिली आहे. आधी ती बोलतो.

जुलाबाची साथ आली की आपण विहिरीकडे धावतो. टीसीएल पावडर टाकतो, अर्ध्या तासाने नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे थेंब सोडतो आणि पिवळा रंग आला की अहवालात लिहितो, 'स्रोत शुद्ध केला.' मीसुद्धा असंच लिहीत आलो. एका पावसाळ्यात मात्र हा अहवाल खोटा ठरला.

चाळीसेक घरांची वाडी होती. पहिल्याच दिवशी पावडर पडली, नळाला पिवळा रंग आला. विहीर हेच एकमेव कारण असतं तर एकदम बरीच घरं आजारी पडली असती आणि पावडर पडल्यावर दोन-चार दिवसांत नवे रुग्ण थांबले असते. इथे आठवडा उलटला तरी आज या घरात, परवा त्या घरात, असं चाललं होतं. आधी रांगतं मूल आजारी पडे, मग त्याची आई.

अशाच एका घरात ओसरीवर बसलो होतो. बाईंनी बाळाची शी धुतली, तांब्याभर पाण्याखाली हात धरला आणि पदराला पुसला. शी परसातल्या गटारात टाकली. घरात शौचालय होतं, पण ते मोठ्यांसाठी. मग त्यांनी हंड्यात पेला बुडवला, चारही बोटं पाण्यात, आणि मी दिलेलं ओआरएसचं पाकीट त्याच पाण्यात कालवून बाळाला पाजायला घेतलं. औषध माझं आणि जंतूही त्याच पेल्यात! मी त्यांना थांबवलं.

त्या दिवशी पाच घरांतून नळाचं आणि हंड्याचं पाणी वेगवेगळं घेतलं. ओटीला नळाचं पिवळं झालं, पाचही हंडे कोरे. कोरं म्हणजे लगेच दूषित असं नाही, कारण पाणी साठून राहिलं की क्लोरीन आपोआपही उतरतं. म्हणून हायड्रोजन सल्फाइडच्या बाटल्या भरून ठेवल्या. दोन दिवसांनी नळाच्या पाचही बाटल्या तशाच होत्या. हंड्याच्या चार काळ्या पडल्या होत्या. पाचव्या घरात पाणी ओगराळ्याने काढत होते.

पाच घरांवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. पण साथ कुठल्या वाटेने फिरते आहे हे त्या वाडीपुरतं तरी स्पष्ट झालं होतं.

सकाळच्या सत्रात आधी शौचालय की आधी पाणी यावर तावातावाने वाद झाला. 1958 साली वॅग्नर आणि लॅनॉइक्स यांनी मळापासून तोंडापर्यंतच्या वाटा मांडल्या, त्यावरून आलेली आकृती आपण सगळे शिकलो: पाणी, बोटं, माश्या, जमीन, आणि या सगळ्यांतून अन्न. शौचालय जमिनीची आणि माश्यांची वाट अडवतं, विहिरीत झिरपणारी घाणही कमी करतं. साबण बोटांची वाट अडवतो. क्लोरीन पाण्याची अडवतं, पण ते पाण्यात शिल्लक आहे तोवरच. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूला तर तेही जुमानत नाही. त्या घरात शौचालय होतं, नळाला क्लोरीन होतं, तरी बाळ आजारीच होतं. कारण बाळाची शी शौचालयात गेलीच नाही आणि बोटांची वाट उघडी राहिली. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत शौचालय असलेली घरं 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेली, पण पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत. तो निकाल 2014 साली वाचला तेव्हा मला ते परस आठवलं.

'आधी काय' हा प्रश्नच मला मान्य नाही. त्या वाडीत, त्या आठवड्यात कुठली वाट चालू आहे ते आधी पाहा. आणि बाईंना बोल लावू नका. दोन हंडे पाण्यात घर चालवायचं असेल, तर दर वेळी साबणाने हात धुण्याइतकं पाणी आणायचं कुठून? तिथे पाणी शुद्ध असण्याइतकंच ते पुरेसं असणंही महत्त्वाचं असतं.

माझी तक्रार आपल्या साथीच्या फॉर्मवर आहे. त्यात विहिरीला रकाना आहे, टाकीला आहे, नळाला आहे; हंड्याला नाही. रकाना नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि साथ आपोआप ओसरली की श्रेय पावडरीला जातं. हे मी बैठकांतून अनेकदा मांडलं. दर वेळी उत्तर मिळालं, 'डॉक्टर, घराघरांत कोण जाणार?' अहो, आशाताई रोज जातात! त्यांच्या पिशवीत ओटीची बाटली द्या. साथीच्या गावात रोज दोन घरांचं हंड्यातलं पाणी तपासायचं आणि बाळाची शी कुठे टाकली ते विचारायचं, एवढंच.

नवा फॉर्म कसा असावा, कुणी छापावा, ते मी ठरवून आलेलो नाही. काही जणांनी दुपारी माझ्यासोबत बसावं. आढाव्याची टिपणं चिटणिसांकडे देतो. त्या काळ्या पडलेल्या बाटल्यांपैकी एक मी आणली आहे, व्यासपीठावर ठेवतो. चहाच्या वेळी येऊन बघा.