रिलीज पिरियड: न विकलेल्या खोल्या परत कधी?

दादा, तुमच्या तारकर्लीच्या हॉटेलात 12 खोल्या. समजा, त्यातल्या 5 टूरवाल्याच्या ॲलॉटमेंटमध्ये दिल्या आणि रिलीज पिरियड ठेवला 7 दिवस. म्हणजे 25 डिसेंबरच्या रात्रीसाठी त्या खोल्या 18 तारखेपर्यंत त्याच्यासाठी अडकल्या. त्याने 2 विकल्या, तर उरलेल्या 3 तुमच्याकडे परत. साध्या ॲलॉटमेंटमध्ये त्यांचे पैसे तो देत नाही. आणि नाताळचं गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे बुकिंग करून मोकळं झालेलं असतं!

म्हणून करारात नाताळपुरते 30 दिवस लिहून घ्या. खोल्या 25 नोव्हेंबरलाच सुटतील. पावसाळ्यात 7 चालतील, कारण तेव्हा खोल्या तशाही रिकाम्याच. फक्त एक बघा: सुटलेल्या खोल्या तुमच्या बुकिंग सिस्टिममध्ये आपोआप उघडतात, की हाताने उघडाव्या लागतात?