शेवटचं चित्र उशिरा का मिळतं?



मुलं चित्रं जमवतात. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल ते फोडल्यावरच कळायचं आणि संच पूर्ण होईपर्यंत पाकिटं घेत राहायचं. सुरुवातीला संच भराभर भरतो. शेवटी दोन-तीन चित्रं अडून बसतात आणि घरात डबल चित्रांचा ढीग साठतो. आपलंच नशीब वाईट आहे, असं मग मुलांना वाटू लागतं. संच पूर्ण व्हायला सरासरी किती चित्रं घ्यावी लागतील, हा संभाव्यताशास्त्रातला जुना प्रश्न आहे. त्याचं उत्तर काढताना हेही कळतं, की शेवटी अडायला वाईट नशीब लागतच नाही. सर्वांच्याच बाबतीत असं घडतं.

आधी लहान संच घेऊ. एक फासा घ्या. त्यावर एक ते सहा आकडे आहेत आणि प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखी आहे. सहाही आकडे किमान एकदा पडेपर्यंत फासा टाकत राहायचं. सरासरी किती वेळा टाकावा लागेल?

हा प्रश्न एकदम सोडवायला गेलं तर गुंता होतो. आकडे कोणत्याही क्रमाने येतात, मधूनमधून जुनेच पुन्हा पडतात, आणि सगळ्या शक्यता मांडता मांडता कागद भरून जातो. म्हणून प्रवासाचे सहा टप्पे करायचे. पहिला नवा आकडा मिळेपर्यंतचा पहिला टप्पा, तिथून दुसरा नवा आकडा मिळेपर्यंतचा दुसरा, असे सहा. प्रत्येक टप्प्यात आपण फक्त वाट पाहत असतो, आणि त्या टप्प्यापुरती नवा आकडा पडण्याची शक्यता बदलत नाही.

अशी वाट सरासरी किती लांब असते? समजा, दर वेळी यश मिळण्याची शक्यता एक तृतीयांश आहे. एकदा तर टाकावंच लागणार. तीनपैकी एका वेळी तिथेच काम होतं. उरलेल्या दोन वेळा आपण होतो तिथेच राहतो आणि वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, कारण फाशाला मागचं काही आठवत नाही. म्हणजे सरासरी वाट ही एक, अधिक त्याच सरासरी वाटेचे दोन तृतीयांश. त्यातले दोन तृतीयांश दोन्हीकडून वजा केले, की उरतं एवढंच : वाटेचा एक तृतीयांश म्हणजे एक. तेव्हा वाट तीनची. नियम असा, की शक्यता एक तृतीयांश असेल तर सरासरी तीन प्रयत्न, एक षष्ठांश असेल तर सहा. शक्यतेचा अपूर्णांक उलटा केला की वाट मिळते.

आता सहा टप्पे मोजू. हवं तर कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या टप्प्यात कोणताही आकडा नवाच, म्हणून एक प्रयत्न. दुसऱ्यात सहापैकी पाच आकडे नवे, म्हणून सहा भागिले पाच, म्हणजे 1.2. तिसऱ्यात सहा भागिले चार, 1.5. चौथ्यात सहा भागिले तीन, 2. पाचव्यात सहा भागिले दोन, 3. आणि शेवटच्या एकाच आकड्यासाठी पूर्ण 6. बेरीज होते 14.7. अशी सरळ बेरीज करता येते, कारण बेरजेची सरासरी ही सरासरींच्या बेरजेइतकीच असते. या 14.7 मध्ये पहिल्या तीन आकड्यांचा वाटा फक्त 3.7 आहे, तर पुढच्या तिघांचा 11.

संच मोठा असला तरी रीत हीच. संचातली एकूण चित्रं घ्या आणि त्या संख्येला एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अशा बेरजेने गुणा. शेवटचा अपूर्णांक संचातल्या संख्येचा.

आता एक खरा संच पाहू. इटलीतल्या मोदेना शहरातली पानिनी ही कंपनी 1970 पासून फुटबॉलच्या विश्वचषकाचे स्टिकर आल्बम काढते. रशियात झालेल्या 2018 च्या विश्वचषकाच्या आल्बममध्ये 682 स्टिकर होते आणि एका पाकिटात पाच स्टिकर मिळत. सर्व स्टिकर सारख्याच प्रमाणात छापले असं धरलं आणि कोणाशी अदलाबदल केली नाही, तर आपली बेरीज सांगते, की सरासरी सुमारे 4,844 स्टिकर घ्यावे लागतात. म्हणजे जवळजवळ 969 पाकिटं. एका पाकिटातले पाचही स्टिकर वेगळे असतात हे लक्षात घेतलं, तर हा आकडा किंचित कमी होतो.

हे 4,844 स्टिकर कुठे खर्च होतात ते पाहा. अर्धा आल्बम सुमारे 472 स्टिकरांत भरतो. शेवटचे पन्नास जमवायला मात्र सरासरी 3,068 स्टिकर लागतात. एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग या पन्नास जागांवर जातो, आणि अगदी शेवटच्या एका स्टिकरसाठी सरासरी 682 घ्यावे लागतात. शेवटचे पन्नास कंपनीकडून थेट मागवायची सोय असेल, तर 4,844 वरून आपण जवळजवळ 1,776 वर येतो. अदलाबदलीतूनही हेच साधतं, कारण माझ्याकडचं डबल चित्र तुमची शेवटची रिकामी जागा भरू शकतं.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. पहिली, सरासरी म्हणजे हमी नव्हे. फाशाच्या खेळात सरासरी 14.7 असली तरी निम्म्याहून थोड्या जास्त खेळांत तेराव्या प्रयत्नापर्यंतच काम होतं. शंभरातल्या सुमारे पंधरा खेळांत मात्र वीसपेक्षा जास्त प्रयत्न लागतात, आणि हे थोडे लांबलचक खेळच सरासरी वर ओढतात. दुसरी मर्यादा मोठी आहे. सगळी चित्रं सारख्याच प्रमाणात आहेत, असं आपण धरलं. एखादं चित्र मुद्दाम कमी छापलं असेल, तर त्याचीच वाट इतकी लांबते, की बाकीचा हिशेब झाकला जातो. हजारात एकदाच निघणाऱ्या चित्रासाठी संच कितीही छोटा असला तरी सरासरी किमान हजार चित्रं घ्यावीच लागतात.

चित्रं कमी छापली असल्याचा संशय आला, तर तो आपल्या एकट्याच्या संचावरून पक्का करू नये. शेवटी काही जागा रिकाम्या राहणं हे सारख्या छपाईतही ठरलेलंच आहे. पुष्कळ मुलांच्या वह्या शेजारी ठेवून पाहावं. प्रत्येकाच्या रिकाम्या जागा वेगवेगळ्या असतील तर ते निव्वळ संभाव्यतेचं काम. सगळ्यांकडे तेच एक चित्र नसेल तर शंकेला जागा आहे.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलाचा संच अर्धा भरला, की त्याच्याबरोबर बसून उरलेल्या टप्प्यांचा हिशेब करा. पुढचं चित्र सरासरी किती चित्रांनंतर मिळेल, हे भागाकाराने त्यालाच काढू द्या. थोड्याच जागा उरल्या, की नवी पाकिटं घेणं थांबवा आणि मित्रांशी अदलाबदल करा.