फ्रेंच ‘कोमांतेर’ : प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत



आपल्या रसग्रहणात आशय, भाषा, अलंकार हे कप्पे बहुधा आधीच आखलेले असतात. फ्रान्समधील विद्यार्थी परीक्षेत चार तास बसून जे ‘कोमांतेर’, म्हणजे उताऱ्यावरील भाष्य, लिहितो त्यात कप्पे त्यालाच शोधावे लागतात. आणि तेही एका मध्यवर्ती प्रश्नातून. या प्रश्नाला तेथे ‘प्रोब्लेमातीक’ म्हणतात.

रँबोचे ‘दरीतला निद्रिस्त’ हे सुनीत घेऊ. ते १८७० सालचे, फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या दिवसांतले. कवीचे वय जेमतेम सोळा. हिरव्या दरीत एक तरुण सैनिक पहुडला आहे. तो झोपला आहे, असे कवी तीनदा सांगतो. त्याच्या उजव्या कुशीत दोन तांबडी भोके आहेत, हे मात्र अखेरच्या ओळीत कळते.

‘कवी निसर्गाचे वर्णन कसे करतो?’ हा येथे दुबळा प्रश्न होय, कारण त्याचे उत्तर म्हणजे कवितेचेच गद्य रूपांतर. अशा उत्तरास तेथील परीक्षक फारसे गुण देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ‘मृत्यू शेवटपर्यंत लपवूनही कविता त्याची चाहूल कशी देते, आणि त्यातून युद्धाचा धिक्कार कसा होतो?’ असे विचारले की मांडणी आपोआप उलगडते.

पहिला विभाग शांत दृश्याचा : प्रकाश, नदी, मऊ गवत. दुसरा खुणांचा : फिकट चेहरा, आजारी मुलासारखे हसू, निसर्गाला केलेली ‘त्याला ऊब दे’ अशी विनवणी, सुगंधानेही न थरथरणाऱ्या नाकपुड्या. तिसरा धिक्काराचा. कवितेत शत्रू नाही, तोफ नाही, संतापाचा एक शब्दही नाही. पण आरंभी दरीसाठी योजलेला ‘त्रू’, म्हणजे भोक, हाच शब्द अखेरीस जखमांसाठी अनेकवचनात परततो. दरी कबरीसारखी दिसू लागते. येथे शब्दाची निवड हाच पुरावा आहे. प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याचा शब्दांतला आधार आणि त्या आधाराचा अर्थ, एवढे हवेच. नुसते ‘येथे उपमा आहे’ म्हणून थांबणे म्हणजे वैद्याने नाडी धरून निदान न सांगणे!

प्रस्तावनेत कवी, काळ, उताऱ्याची ओळख, प्रश्न आणि विभागांची पूर्वसूचना या क्रमाने येतात. पण कच्च्या कागदावर ती मांडणी ठरल्यानंतरच लिहावी. नाही तर तिने दिलेले वचन पुढचे लेखन पाळत नाही. मीही आरंभी हा प्रमाद पुष्कळदा केला आहे.

निष्कर्षात प्रश्नाचे उत्तर स्पष्ट द्यावयाचे, नवा पुरावा आणावयाचा नाही. मग एक दार उघडावयाचे. पण ते याच घराचे हवे. ‘युद्ध वाईट असते’ हे दार नव्हे. रँबोचेच ‘ल माल’ हे दुसरे युद्धविषयक सुनीत मात्र येथे शोभते, कारण तेथे संहार लपविलेला नाही. तो पहिल्यापासूनच उघडा आहे.