कोटा कुणी मिळवला आणि गेलं कोण?



पॅरिस ऑलिम्पिकच्या आधीची गोष्ट. आमच्या गटाची बैठक चालली होती आणि बाजूला रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. त्यात निवेदक म्हणाला, "भारताला नेमबाजीत आणखी एक कोटा मिळाला." आमच्यातल्या एक आजी पटकन म्हणाल्या, "कसला गं, रॉकेलचा का?" सगळ्या हसल्या. मला मात्र त्यांचा प्रश्न पटला. आपल्याकडे कोटा म्हणजे रेशनचा, नाहीतर आरक्षणाचा. खेळातला कोटा या दोन्हींपेक्षा वेगळा असतो, आणि तो काय असतो हे कुणी सांगतच नाही.

पुढे काही महिन्यांनी त्याच आजींनी दुसरा प्रश्न विचारला. "ज्या पोरानं कोटा आणला म्हणत होते, त्याचं नाव यादीत नाही. ही कुठली रीत?" आज मी या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

आधी आपल्यातलंच एक उदाहरण घेऊ. समजा, जिल्ह्याच्या प्रदर्शनात प्रत्येक तालुक्याला मोजकेच स्टॉल मिळतात. आपल्या गटातल्या सुनंदाताईंच्या लोणच्याला तालुक्यात नंबर आला, म्हणून आपल्याला एक स्टॉल मिळाला. आता पावती कुणाच्या नावावर फाटली? गटाच्या. सुनंदाताईंच्या नाही. स्टॉलवर बसायचं कुणी, हे गट ठरवणार. बहुतेक वेळा त्याच बसतील. पण प्रदर्शन दीड-दोन वर्षांनी असेल आणि तोवर गटात दुसरी कुणी त्यांच्याहून चांगलं लोणचं घालायला लागली असेल, तर बैठकीत वाद होणारच.

नेमबाजीतला कोटा असाच असतो. ऑलिम्पिकमध्ये जागा मोजक्या असतात. पॅरिसला नेमबाजीसाठी सगळ्या जगातून मिळून ३४० जागा होत्या, आणि एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोनच नेमबाज. या जागा आधीच्या जागतिक आणि आशियाई स्पर्धांमधून वाटल्या जातात. तिथे वरच्या नंबरात येणारा खेळाडू जागा जिंकतो, पण ती जमा होते देशाच्या खात्यावर.

आता आपल्या स्वप्नील कुसाळेची गोष्ट घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. तेव्हा वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच, आणि तो स्वतः रेल्वेत नोकरीला होता. त्याचा प्रकार पन्नास मीटर रायफल, तीन स्थितींचा. म्हणजे गुडघ्यावर बसून वीस गोळ्या, पालथं झोपून वीस आणि उभं राहून वीस. ऑक्टोबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या कैरो इथे जागतिक स्पर्धा झाली. तिथे स्वप्नील चौथा आला. चौथ्याला पदक नसतं, पण त्या स्पर्धेत पहिल्या चौघांपर्यंत ऑलिम्पिकच्या जागा होत्या. पदक हुकलं आणि भारताच्या खात्यावर एक जागा आली.

दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, अझरबैजानमधल्या बाकू शहरात पुन्हा जागतिक स्पर्धा झाली. तिथे उत्तर प्रदेशच्या अखिल श्योराननं त्याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं आणि भारताची दुसरी जागा पक्की केली. दोन जागा झाल्या, म्हणजे या प्रकारातला आपला वाटा पूर्ण भरला. आणि बातम्या ऐकणाऱ्या आपण सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं की स्वप्नील आणि अखिल पॅरिसला निघाले.

तसं झालं नाही. एप्रिल आणि मे २०२४ मध्ये नेमबाजी महासंघानं निवड चाचण्या घेतल्या. दोन दिल्लीला आणि दोन भोपाळला. प्रत्येक प्रकारातले देशातले आघाडीचे पाच नेमबाज बोलावले. ज्यांनी कोटा आणला त्यांनाही पुन्हा रायफल उचलून रांगेत उभं राहावं लागलं. चाचण्या संपल्या तेव्हा या प्रकारात वर होते मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर आणि स्वप्नील. अखिल घरी राहिला. त्यानं जागतिक पदक मिळवून आणलेल्या जागेवर दुसरा गेला. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचंही तेच झालं. तो तर दहा मीटर एअर रायफलचा २०२२ चा जगज्जेता, भारताला त्या प्रकारातली पहिली जागा त्यानंच आणून दिली होती.

स्वप्नीलनं मात्र आपली जागा दोनदा कमावली, एकदा कैरोला देशासाठी आणि एकदा आपल्याच माणसांशी लढून स्वतःसाठी. त्यानंतर १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं कांस्यपदक जिंकलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ऑलिम्पिकमधलं वैयक्तिक पदक हेच. दोघांचंही नातं कोल्हापूरशी, हे आपलं मी सहज सांगितलं.

मग चाचणी घ्यावी की घेऊ नये? दोन्ही बाजूंना दम आहे. कैरो ते पॅरिस यात जवळजवळ बावीस महिने गेले. तेवढ्या काळात एखाद्याचा खांदा दुखावतो, एखाद्याचा सूर हरवतो, एखादं नवं पोर पुढे येतं. पण उलट बाजूही आहे. ज्यानं जगातल्या सगळ्यांसमोर हात थरथरू न देता जागा आणली, त्याचा तो धीर दिल्लीतल्या चाचणीत कसा मोजणार? मला विचाराल तर चाचणी असावी, पण तिचे नियम कोटा मिळण्याच्या आधीच सगळ्यांना माहीत असावेत. आपण भिशीचे नियमही पहिल्या हप्त्याआधी ठरवतो.

कुस्तीत नियम आणखी कडक. एका वजनगटात जगभरातून फक्त सोळा मल्ल आणि एका देशाचा एकच. म्हणजे एका दारातून एकच माणूस. विनेश फोगाटची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तिचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं ती. पण ती त्या गटात का गेली होती, हे फार कमी जणींना माहीत असतं.

विनेश खेळायची ५३ किलोत. सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत हरियाणाच्याच अंतिम पंघालनं ५३ किलोत कांस्य मिळवलं आणि त्या गटातली भारताची एकुलती एक जागा आणली. जागा देशाची, त्यामुळे कागदावर चाचणी घेता आली असती आणि विनेशला तिथे लढता आलं असतं. पण चाचणी होईल की नाही, याची खात्री नव्हती. शेवटी कुस्ती महासंघानं ती घेतलीच नाही, ज्यांनी जागा आणल्या त्यांनाच पाठवलं. विनेशनं त्याआधीच दुसरं दार शोधलं होतं, ५० किलोचं. एप्रिल २०२४ मध्ये किर्गिझस्तानातल्या बिश्केकला तिनं त्या गटातली जागा जिंकली.

तीन किलो म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण ज्या बाईच्या अंगावर मुळात चरबी नाही, तिला तीन किलो उतरवायचे म्हणजे अंगातलं पाणी काढावं लागतं. आणि ऑलिम्पिकमध्ये वजन एकदाच भरत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी तिचं वजन बसलं, ती तीन कुस्त्या जिंकली, अंतिम फेरीत पोहोचली. ७ ऑगस्टला सकाळी काटा शंभर ग्रॅम पुढे गेला. त्या काट्याची सुरुवात बेलग्रेडला झाली होती, असं मला वाटतं. कोटा देशाचा की माणसाचा, हा प्रश्न कागदावरचा नसतो तो असा.

आता एका गोष्टीचा घोटाळा होऊ देऊ नका. सगळ्या खेळांत असं नसतं. धावणं, उडी, भालाफेक यांत खेळाडू स्वतःच्या नावानं पात्र ठरतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. त्याच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीला, पॅरिससाठी ८ मिनिटं १५ सेकंदांची वेळ ठरवून दिली होती. जुलै २०२३ मध्ये तो पोलंडला ८ मिनिटं ११ सेकंदांत पळाला आणि त्याची पात्रता तिथेच पक्की झाली. ती वेळ त्याची, ती दुसऱ्याला देता येत नाही.

वेळ किंवा अंतर गाठता आलं नाही तर दुसरा रस्ता असतो जागतिक क्रमवारीचा. नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे उंच उडी मारतो. पॅरिससाठी ठरलेली उंची होती २ मीटर ३३ सेंटिमीटर, आणि तोवरची त्याची सर्वांत चांगली उडी २ मीटर २७. पण वर्षभर स्पर्धांत खेळून गुण साठवले, क्रमवारीत जागा मिळाली आणि तो गेला. म्हणून ॲथलेटिक्सची बातमी आली की बघायचं, निकष गाठला म्हणतात की क्रमवारीतून म्हणतात. निकष म्हटला तर तेव्हाच पक्कं. क्रमवारी म्हटली तर यादी बंद होईपर्यंत जीव टांगणीला.

आणि सांघिक खेळात तर एकटीच्या हातात काहीच नसतं. हॉकीला पॅरिसमध्ये बारा संघ होते. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत जो संघ सोनं जिंकेल त्याला थेट प्रवेश होता. आपल्या मुलांनी सोनं जिंकलं, त्यांचं काम झालं. मुलींना कांस्य मिळालं, सोनं चीनला गेलं. मग मुलींसाठी जानेवारी २०२४ मध्ये रांचीला आणखी एक पात्रता स्पर्धा झाली, आपल्याच मैदानावर. पहिले तीन संघ जाणार होते. तिसऱ्या जागेसाठी जपानशी सामना झाला आणि एका गोलानं आपण हरलो. टोकियोत याच मुली चौथ्या आल्या होत्या, आठवतं ना? पॅरिसच्या वेळी आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं होतं, "आपल्या पोरींची हॉकी कुठल्या चॅनलला लागते हो?" ती कुठेच लागत नव्हती. ती रांचीलाच संपली होती.