साडेआठ हजारांची रूम महिना पंधरा हजारांना पडते, हे आधीच सांगा



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि बरीच वर्षं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये इतरांबरोबर राहतो. तुमच्यापैकी बरेच जण शिक्षण संपवून नोकरीसाठी शहरात येणार आहात. आधी तुम्ही रूम शोधाल आणि वर्षभरात फ्लॅटमधला एखादा जण गेला की रिकाम्या रूमची जाहिरात तुम्हालाच लिहावी लागेल. आज त्या जाहिरातीबद्दलच बोलतो.

ग्रुपवर रोज येणारी जाहिरात तुम्ही वाचलीच असेल. ‘कोंढव्यात प्रशस्त रूम, भाडं ८,५००, मगरपट्टा जवळ, फ्लॅटमेट फ्रेंडली.’ यावर तीस-चाळीस फोन येतात. दहा जण रूम बघायला येतात. नऊ जणांना ती जमत नाही. त्या नऊ जणांचा अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे वाया जातात. चांगली जाहिरात वाचून ज्याला ही रूम जमणार नाही, तो घरबसल्याच नाही म्हणतो. त्यासाठी चार गोष्टी खऱ्या लिहाव्या लागतात.

पहिली गोष्ट पैशाची. आमच्याच फ्लॅटचं उदाहरण घेतो. तीन बेडरूम, भाडं ३०,०००. बाल्कनी आणि स्वतंत्र बाथरूम असलेल्या रूमचे ११,५००, मधल्या रूमचे १०,००० आणि लहान रूमचे ८,५००. रिकामी होती ती लहान रूम. आता बाकीचं बघा. लाइट बिलाचा वाटा ६००, वाय-फाय ३००, गॅस ३००, दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे २,०००, झाडू-पोछा-भांडी ५००. झाले १२,२००. किराणा, भाजी आणि चिकन-मटणाचे साधारण २,८०० धरले की बरोबर १५,०००. पहिली नोकरी असलेला मुलगा ८,५०० वाचून घरी अम्मीला किती पाठवता येतील याचा हिशेब करतो आणि पहिल्या महिन्यातच तो हिशेब कोलमडतो. म्हणून आकडा पंधराचाच लिहा, आणि त्यातलं काय टाळता येतं तेही लिहा. डबा लावणाऱ्याचे मावशींचे पैसे आणि किराणा वाचतो.

डिपॉझिटचं तर आणखी नीट लिहायला हवं. आमचं डिपॉझिट ९०,००० मालकाकडे आहे, त्यात लहान रूमचा वाटा २५,५००. नवा मुलगा ही रक्कम मालकाला देत नाही, जुन्या मुलाला देतो. म्हणजे मालकाच्या लेखी त्याने काहीच दिलेलं नसतं. शिवाय फ्लॅट सोडताना मालक रंगकामाचे पैसे कापतो, तेव्हा जुन्या मुलाने पाडलेल्या डागांचा भुर्दंडही नव्यावर पडतो. उपाय सोपा आहे. ज्या दिवशी रूम ताब्यात येईल त्या दिवशी भिंतींचे फोटो काढायचे आणि कोणाकडून कोणाला किती रक्कम गेली, हे मालकाला मेसेजवर कळवून त्याचा होकार घ्यायचा.

याला जोडूनच कराराचा मुद्दा येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. करार सहसा अकरा महिन्यांचा असतो आणि मधेच आलेल्या मुलाचं नाव त्यात नसतं. पासपोर्टसाठी किंवा बँकेत पत्त्याचा पुरावा मागितला की त्याची अडचण होते. नाव करारात कधी येणार, हे जाहिरातीत एका ओळीत लिहा.

दुसरी गोष्ट अंतराची. ‘मगरपट्टा जवळ’ याला काही अर्थ नाही. रात्री अकराला बाइकवर आम्हाला पंचवीस मिनिटं लागतात. सकाळी पावणेनऊला निघालं तर फातिमानगरच्या सिग्नलमुळे पाऊण तास. बसने जाणाऱ्याला आधी पुलगेट आणि तिथून हडपसरकडे जाणारी दुसरी बस. तीन दिवस घड्याळ लावून बघा, दारातून निघाल्यापासून ऑफिसच्या गेटपर्यंत. बसची वाट बघण्याचा वेळही त्यात धरा आणि तिन्हींतला सगळ्यात वाईट दिवस जाहिरातीत टाका.

तिसरी गोष्ट फ्लॅटमेटची. ‘फ्रेंडली’ लिहून काही कळत नाही. घरात कोण केव्हा जागं असतं, ते लिहा. आमच्याकडे एक जण अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, पहाटे चारला येतो आणि दुपारपर्यंत झोपतो. दुसरा सीएचा अभ्यास करतो, त्याला हॉलमध्ये टीव्ही चालत नाही. रमजानमध्ये पहाटे सहरीसाठी किचनमध्ये भांडी वाजतात आणि लहान रूमची भिंत किचनला लागून आहे. आमच्यातला एक जण रोजा ठेवत नाही, त्याचं दुपारचं जेवण नेहमीसारखंच होतं आणि कोणी कोणाला विचारत नाही. हे वाचून मुस्लिम असो वा नसो, आपल्याला इथे झोप लागेल का, हे येणारा स्वतःच ठरवतो.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक. नाव सांगितल्यावर ‘रूम आत्ताच गेली’ हे उत्तर इथल्या अनेकांनी ऐकलं असेल. आपल्या हातात जाहिरात असताना आपण कोणाला त्या दारापर्यंत बोलावून परत पाठवू नये. त्यासाठी जाहिरात टाकण्याआधी मालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना थेट विचारा: कुठल्याही धर्माचा, जातीचा, राज्याचा मुलगा चालेल का? रात्री मित्र आला तर चालेल का? उत्तर आलं की नियम कोणाचा आहे ते वेगळं लिहा. मालकाचा नियम आणि सोसायटीचा नियम आपल्याला बदलता येत नाही. आपली सवय मात्र बोलून बदलता येते. आणि ‘आपल्यातलाच हवा’ असं मनात असेल तर आधी एकमेकांत बोला. बहुतेक वेळा खरी भीती स्वयंपाकाची किंवा आवाजाची असते आणि त्याचा नियम करता येतो.

आम्ही शेवटी टाकलेली जाहिरात वाचून दाखवतो.

‘कोंढवा खुर्द, ३ बीएचके, चौथा मजला, लिफ्ट आहे. मुलांच्या फ्लॅटमध्ये एक लहान रूम, ९ बाय १० फूट. खिडकी डक्टमध्ये उघडते, दिवसाही लाइट लागतो. बाथरूम दोघांत एक. भाडं ८,५००, सगळं धरून महिना १५,०००, डबा लावल्यास १०,२०० अधिक डब्याचे पैसे. डिपॉझिट २५,५०० जाणाऱ्या मुलाला, मालकाच्या लेखी होकारासह. करार चार महिन्यांनी नवा होईल, तेव्हा नाव येईल. मगरपट्टा सकाळी बाइकने ४५ मिनिटं, बसने दोन बस, सव्वा तास. दोघे राहतात, एकाची नाइट शिफ्ट. घरात नॉनव्हेज शिजतं, व्हेजसाठी वेगळा तवा-कढई ठेवू. कुठल्याही धर्माचा, मालकाला विचारलं आहे. सोसायटीचा नियम: रात्री साडेअकरानंतर पाहुणा आल्यास गेटवर नोंद. आमचा नियम: घरात सिगारेट नाही.’

फोटो दारातून, दुपारी, लाइट बंद ठेवून काढला होता. सात फोन आले. डक्टच्या खिडकीबद्दल कोणीच विचारलं नाही, कारण ज्यांना ती नको होती त्यांनी फोनच केला नाही. प्रश्न आले ते वेगळा तवा खरंच आहे का आणि नोटीस किती दिवसांची, असे. जाहिरात नीट झाली की नाही, हे अशा प्रश्नांवरून ओळखायचं. फोनवर ‘एकूण किती पडतात?’ हाच प्रश्न येत असेल तर ती पुन्हा लिहा.

आणि रूम भरली की त्याच मेसेजखाली ‘भरली’ असं लिहा. नाहीतर कोणीतरी रविवारी सकाळी दोन बस बदलून तुमच्या दारात उभा राहील.