डिस्चार्ज कार्डातली एक ओळ

रंकाळ्याजवळच्या एका काकूंचं डिस्चार्ज कार्ड आम्ही डॉक्टरांना विचारून सोप्या मराठीत लिहिलं. चार पानांत महत्त्वाची ओळ एकच: 'डी.ए.पी.टी., 12 महिने'.

आम्ही लिहिलं, "हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवलाय. त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही गोळ्या रोज. बरं वाटलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही. डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं तर लगेच 108."

सूनबाई दचकली. "अगंबाई, सोमवारी दाढ काढायचीय, मी परवापासूनच थांबवणार होते!"

कार्डात दाढेचं काहीच नव्हतं. आम्ही तेही लिहिलं.